अचानक सुट्टी लागली आणि सुधारित वेळापत्रकाची सूचना तुम्हाला लिहायची आहे

परीक्षा विभागात नवीन आलेल्यांसाठी हे लिहितेय. वेळापत्रक कसं लावतात, पर्यवेक्षकांच्या याद्या कशा होतात हे तुम्ही पहिल्या महिन्यात शिकालच. पण परीक्षा सुरू असताना अचानक सुट्टी जाहीर होते, साहेब म्हणतात, "मुलांना लगेच कळवून टाका", आणि तुमच्या हातात दहा मिनिटं असतात. त्या दहा मिनिटांसाठी कुणी तयार करत नाही. मलाही केलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी लिहिलेली तीन वाक्यं मला आजही तोंडपाठ आहेत.

घटना जुनी आहे, पण कॅलेंडर उघडून ताडून बघता यावं म्हणून तारखा नोव्हेंबर 2025 च्या धरते. एकूण पाच पेपर. पहिला सोमवारी 17 ला, दुसरा बुधवारी 19 ला, तिसरा शुक्रवारी 21 ला, चौथा सोमवारी 24 ला आणि पाचवा बुधवारी 26 ला. मंगळवारी संध्याकाळी कळलं, उद्या सुट्टी. मी लिहिलं:

"अचानक जाहीर झालेल्या सुट्टीमुळे उद्याची परीक्षा पुढे ढकलण्यात आली आहे. पुढील पेपर ठरलेल्या वेळी होईल. सुधारित वेळापत्रक लवकरच कळवण्यात येईल."

पुन्हा एकदा वाचा. चूक दिसत नाही ना? मलाही दिसली नव्हती. साहेबांनी नजर टाकली, मान डोलावली आणि सूचना वर्गांच्या ग्रुपवर गेली.

शुक्रवारी सकाळी दालनाच्या दारात एक मुलगा दुसऱ्या पेपरची वही उघडून उभा होता. मी सहज म्हटलं, "अरे, आज तिसरा आहे." त्याने आधी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलला नाही. दोन दिवस तो चुकीच्या विषयाचा अभ्यास करत होता. तो एकटा नव्हता, दुपारपर्यंत असे अकरा जण निघाले.

सापळा असा आहे. "पेपर पुढे ढकलला" या शब्दांतून दोन वेगवेगळी वेळापत्रकं तयार होतात. कुणी समजतं, तेवढा एक पेपर उचलून शेवटी टाकला, बाकीचे जागच्या जागी. कुणी समजतं, सगळी रांग एक घर सरकली: बुधवारचा पेपर शुक्रवारी, शुक्रवारचा सोमवारी, सोमवारचा पुढच्या बुधवारी. दोन्ही अर्थ बरोबर आहेत, कारण दोन्ही पद्धती प्रत्यक्षात वापरल्या जातात. त्यात माझं "पुढील पेपर". माझ्या डोक्यात तो तिसरा पेपर होता. मुलाच्या डोक्यात पहिला झाला, म्हणजे पुढचा दुसरा. वाचणाऱ्याला शंका आली असती तर त्याने विचारलं असतं. इथे प्रत्येकाला एकच अर्थ दिसतो आणि तो त्याला स्वच्छ वाटतो, म्हणून कुणी विचारत नाही. ग्रुपवर एकही प्रश्न आला नाही याचा अर्थ सूचना कळली असा मी घेतला होता. तसा कधीही घेऊ नका.

"उद्या" हा शब्दही तितकाच वाईट. माझी सूचना मंगळवारी संध्याकाळी सातला गेली. एका मुलीला ती मैत्रिणीकडून पुढे पाठवलेली मिळाली, बुधवारी पहाटे. तिने "उद्या" म्हणजे गुरुवार धरला आणि दीड तास प्रवास करून बुधवारी बंद दारापाशी येऊन थांबली. सूचना हातोहात फिरते, आणि फिरताना तिच्यावरची वेळ गळून पडते. आज, उद्या, परवा, येत्या शनिवारी, पुढच्या आठवड्यात, यातला एकही शब्द सूचनेत नको. दर वेळी वार, तारीख, महिना आणि वर्ष. वार आणि तारीख दोन्ही लिहायची, कारण एक चुकलं तर दुसऱ्यामुळे चूक पकडता येते. आणि दोन्ही कॅलेंडर समोर ठेवून लिहायची, आठवणीतून नाही.

आता सावकाश सांगते, कारण इथून पुढचं जमण्यासारखं आहे.

पहिल्या संध्याकाळी नवी तारीख तुमच्याकडे नसते, आणि ती घाईत ठरवूही नये. म्हणून सूचना दोन निघतात. पहिली लगेच, दुसरी तारीख पक्की झाल्यावर. पहिलीत मी आता असं लिहिते:

"बुधवार, 19 नोव्हेंबर 2025 रोजी सुट्टी असल्याने त्या दिवशी पेपर क्र. 2 होणार नाही. पेपर क्र. 3, 4 आणि 5 यांच्या तारखांत बदल नाही. शुक्रवार, 21 नोव्हेंबर 2025 रोजी पेपर क्र. 3 च होईल. पेपर क्र. 2 ची नवी तारीख गुरुवार, 20 नोव्हेंबर 2025 रोजी सायंकाळी 5 पर्यंत जाहीर होईल. तो पेपर गुरुवार, 27 नोव्हेंबर 2025 च्या आधी घेतला जाणार नाही."

शेवटचं वाक्य बहुतेक सूचनांत नसतं. तारीख माहीत नसली तरी "कशाच्या आधी नाही" एवढं तुम्हाला माहीत असतं, आणि मुलाला त्या रात्री तेवढंच हवं असतं. मग तो दुसऱ्या विषयाची वही मिटून निर्धास्तपणे तिसऱ्याची उघडतो. "लवकरच" लिहिलंत तर तो दोन्ही वह्या उघड्या ठेवून बसतो.

"पेपर क्र. 3 च होईल" हे वाचताना पुनरुक्ती वाटते. काढायला कुणी सांगितलं तरी काढू नका. बदल न झालेल्या गोष्टी सांगणं हेच या सूचनेचं निम्मं काम आहे.

एकच पेपर शेवटी नेण्याचा आग्रह मी का धरते, तेही सांगते. प्रश्नपत्रिकांची पाकिटं दिवसांप्रमाणे लावून सीलबंद ठेवलेली असतात. बैठक व्यवस्था, पर्यवेक्षक, लेखनिक मिळालेल्या मुलांची वेगळी खोली, हे सगळं तारखांना बांधलेलं असतं. रांग सरकवली की चार दिवसांचं सगळं बदलतं आणि चुकायला चार जागा तयार होतात. पेपर शेवटी नेला तर एकच. निकाल दोन-तीन दिवसांनी लांबेल, तो लांबू दे. पाकीट फुटल्यानंतर सुट्टी कळली, किंवा दुसऱ्या एखाद्या केंद्रावर तोच पेपर झाला, तर मात्र ती प्रश्नपत्रिका पुन्हा वापरता येत नाही. दुसरा संच लागतो, आणि तो हातात येईपर्यंत तारीख जाहीर करायची नाही.

तारीख ठरवताना मला दुसऱ्यांदा ठेच लागली ती बॅकलॉगच्या मुलांमुळे. आम्ही शुक्रवार, 28 नोव्हेंबर ठरवत होतो. दालन मोकळं, पर्यवेक्षक मोकळे. पण त्याच सकाळी आधीच्या सत्राचा एक पेपर होता आणि या वर्गातले दोन विद्यार्थी तो पुन्हा देणार होते. वर्गाची यादी बघून हे दिसत नाही. नव्या तारखेला ज्यांचे कुठलेही पेपर आहेत त्या सगळ्यांचे आसन क्रमांक एका रकान्यात, तुमच्या वर्गाचे दुसऱ्यात, आणि दोन्हीकडे येणारे शोधायचे. अर्ध्या तासाचं काम आहे. दोघांसाठी तारीख शनिवार, 29 वर गेली. "दोघांसाठी कशाला बदलायची" असं म्हणणारे विभागात भेटतात. त्यांचं ऐकू नका, त्या दोघांना नंतर दुसरी संधी द्यायला कुणाच्या हातात काही नसतं.

दुसऱ्या सूचनेत फक्त बदललेली ओळ देऊ नका. झालेला पहिला पेपर धरून पाचही ओळींचा पूर्ण तक्ता द्या, पेपरचा क्रमांक, विषय, कोड, वार, तारीख, वेळ अशा क्रमाने. मुलं तक्त्याचा फोटो काढून ठेवतात आणि मग तेवढाच बघतात. तक्त्याखाली नियम, साध्या वाक्यांत:

"जुनं प्रवेशपत्र चालेल, नवं मिळणार नाही. पेपर क्र. 2 ची वेळ सकाळी 10:30 ते दुपारी 1:30 हीच राहील. दालन बदलू शकतं, त्या दिवशी सकाळी 9:45 ला फलकावर पाहावं. शनिवार, 29 नोव्हेंबर 2025 रोजी सकाळी कुणाचा याशिवाय आणखी एखादा पेपर असल्यास शनिवार, 22 नोव्हेंबर 2025 दुपारी 1 पर्यंत परीक्षा विभागात लेखी कळवावं. ही सूचना क्र. 2 आहे. सूचना क्र. 1 आणि आधीचं वेळापत्रक यापुढे ग्राह्य नाही."

क्रमांक टाकाच. "सुधारित", "नवीन", "अंतिम" या नावांच्या तीन फायली फिरू लागल्या की कुठली शेवटची हे कुणालाच सांगता येत नाही. आणि मागच्या वर्षीचं पत्रक उघडून तारखा बदलण्याचा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात मिळेल. तारखा बदलतात, वार जुने राहून जातात. कोऱ्या पानावर लिहा, पंधरा मिनिटं जास्त लागतील.

फलकाचंही बघा. आमच्या फलकाला काच आणि कुलूप होतं. किल्ली शिपाईकाकांकडे, आणि ते सुट्टीवर. मी नवं पत्रक काचेवर बाहेरून चिकटवलं आणि समाधानाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्याच्या खालून जुन्या तक्त्याच्या शेवटच्या तीन ओळी दिसत होत्या, आणि मुलं वाकून त्याच वाचत होती. जुना कागद खाली उतरल्याशिवाय नवा लागला असं समजायचं नाही. वेबसाइटवरच्या जुन्या फाईलचंही तेच.

मला सुधारलं ते एका ज्येष्ठ सहकारी मॅडमनी. त्या सूचना तपासत नाहीत. परीक्षेशी संबंध नसलेल्या कुणालाही बोलावून ती वाचायला देतात, कागद काढून घेतात आणि विचारतात, "शुक्रवारी कुठला पेपर?" उत्तर चुकलं किंवा अडखळलं तर सूचना परत लिहायची. अक्षर किंवा शुद्धलेखन बघून सही करणाऱ्या दहा साहेबांपेक्षा असा एक माणूस शोधा.

त्या अकरा मुलांचं पुढे काय झालं हे विचारलं जातं. आम्ही समितीपुढे प्रकरण ठेवलं, पण पेपर झालेला होता, उत्तरपत्रिका जमा झालेल्या होत्या आणि नियमात जागा नव्हती. सात जण पास झाले. चौघांना तो विषय पुन्हा द्यावा लागला. त्यांच्यातल्या एकाने मला पुढच्या सत्रात सूचनेचा कागद दाखवून विचारलं होतं, "मॅडम, नीट कळलंय ना मला?" आणि मी त्याच्यासोबत एकेक ओळ बोट ठेवून वाचली होती.

बदललेल्या पेपरच्या दिवशी एवढं करा. प्रवेशद्वारावर एक माणूस दोन्ही वेळापत्रकं घेऊन उभा करा. पेपर सुरू होताच पहिल्या दहा मिनिटांत रिकाम्या जागांचे आसन क्रमांक मागवा आणि त्या मुलांना फोन लावा. आमच्याकडे अर्ध्या तासापर्यंत आत घेतात. त्या शनिवारी तीन जागा रिकाम्या होत्या. एक आजारी होता, एकाचा फोन लागला नाही, आणि तिसरी होस्टेलच्या खोलीत जुना तक्ता समोर ठेवून बसली होती. ती 10:52 ला दालनात पोहोचली.