चौकशी अहवाल असा लिहा की संचालक मंडळाला निर्णय घेता येईल

पतसंस्थेत, कारखान्यात, शाळेत कुणावर तरी आरोप होतात, चौकशी अधिकारी नेमला जातो, तो महिना-दोन महिने साक्षी घेतो, कागद जमा करतो आणि मग अहवाल लिहायला बसला की सगळं सुनावणीच्या क्रमानेच उतरवतो. आज अमुक साक्षीदार आला, तो असं म्हणाला, मग दुसरा आला, तो तसं म्हणाला. पन्नास पानं होतात आणि शेवटच्या अर्ध्या पानात "वरील सर्व बाबींचा विचार करता आरोप सिद्ध होतात". मंडळासमोर असा अहवाल आला की सदस्य एकमेकांकडे बघतात, कारण कुठला आरोप कशामुळे सिद्ध झाला हे कुणालाच सापडत नाही, आणि पुढे प्रकरण कोर्टात गेलं की नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं.

म्हणून अहवाल आरोपांच्या क्रमाने लिहायचा, साक्षीदारांच्या नाही. कसा ते एका पतसंस्थेच्या उदाहरणावरून बघू. उदाहरण काल्पनिक आहे पण अशी प्रकरणं ज्यांनी हाताळलीत त्यांना ओळखीचं वाटेल.

एका शाखेच्या रोखपालावर तीन आरोप आहेत. पहिला, १२ मार्चला खातेदाराने भरलेल्या २५,००० रुपयांपैकी फक्त २,५०० रोजकीर्दीत घेतले आणि बाकी २२,५०० स्वतःसाठी वापरले. दुसरा, तक्रार मागे घ्यावी म्हणून खातेदारावर दबाव आणला. तिसरा, तिजोरीची किल्ली शिपायाकडे दिली.

१. आधी आरोप जसाच्या तसा, मग त्याचे तुकडे

आरोपपत्रातलं वाक्य शब्दशः उतरवा, स्वतःच्या भाषेत सुधारून लिहू नका. आरोपपत्रात नसलेली गोष्ट चौकशीत उघड झाली तर ती मोठी वाटली तरी तिच्यावर निष्कर्ष काढायचा नाही, कारण कर्मचाऱ्याला तिचं उत्तर द्यायची संधीच मिळालेली नसते. फार तर वेगळ्या टिपणीने मंडळाच्या कानावर घाला, पुरवणी आरोपपत्र द्यायचं का ते मंडळ ठरवेल.

मग त्या वाक्याच्या पोटात किती प्रश्न आहेत ते मोजा. पहिल्या आरोपात तीन आहेत: खातेदाराने खरंच २५,००० दिले का, हिशोबात किती आले, आणि फरकाची रक्कम रोखपालाने स्वतः वापरली का. हे तीन प्रश्न वेगळे लिहिले की अर्धा अहवाल तिथेच मार्गी लागतो, कारण पुढचा प्रत्येक पुरावा यातल्या कुठल्या तरी एका प्रश्नाखाली बसतो आणि जो कुठेच बसत नाही तो अहवालात नको असतो.

२. ज्यावर वाद नाही ते एका परिच्छेदात संपवा

त्या दिवशी काउंटरवर तोच रोखपाल होता, खातेदार सकाळी शाखेत आला होता, रोजकीर्दीत २,५०० ची नोंद आहे, संध्याकाळी कॅश टॅली झाली होती. हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. म्हणजे तीनपैकी दुसरा प्रश्न इथेच सुटला. मान्य गोष्टींवर चार पानं खर्च झाली की वाचणाऱ्याला खरा वाद कुठे आहे तेच कळत नाही.

३. पुरावा मांडताना प्रत्येक कागदाला नंबर

संस्थेने दिलेले कागद म-१, म-२ आणि कर्मचाऱ्याने दिलेले क-१, क-२ असे नंबर टाका, आणि अहवालात कागदाचा उल्लेख आला की नंबर लिहाच. आमच्या उदाहरणात म-१ म्हणजे खातेदाराकडची भरणा स्लिपची अर्धी बाजू, तिच्यावर अंकी आणि अक्षरी २५,०००, नोटांच्या तपशिलात ५०० च्या ५० नोटा, संस्थेचा शिक्का आणि रोखपालाची सही. म-२ रोजकीर्दीचं पान. म-३ खातेदाराचं दुसऱ्या बँकेतलं स्टेटमेंट, त्यात त्याच सकाळी २५,००० काढल्याची नोंद. म-४ त्या दिवसाचा व्हाउचरचा गठ्ठा, ज्यात या स्लिपची शाखेकडची बाजू नाहीच.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांकडून राहून जाते. कागद फाइलला लावला म्हणजे तो सिद्ध झाला असं नाही, त्यातला मजकूर कुणीतरी साक्षीला येऊन सांगावा लागतो आणि कर्मचाऱ्याला त्या माणसाची उलटतपासणी घेता यायला हवी. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये एका बँक कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं, नुसते कागद हजर केले पण ते सिद्ध करणारा साक्षीदार नव्हता म्हणून कारवाई टिकली नाही. त्यामुळे लेखापरीक्षकाच्या रिपोर्टवर भिस्त ठेवणार असाल तर लेखापरीक्षकाची साक्ष झाली आहे ना ते बघा, झाली नसेल तर तो रिपोर्ट निष्कर्षाचा पाया म्हणून धरू नका.

जो पुरावा मिळाला नाही तोही लिहा. सीसीटीव्ही फुटेज ३० दिवसांनी आपोआप पुसलं जात होतं आणि तक्रार दोन महिन्यांनी आली, म्हणून ते उपलब्ध नाही, असं सरळ लिहून टाका. नाहीतर वाचणारा पहिला प्रश्न हाच विचारतो की कॅमेऱ्याचं काय झालं.

४. कर्मचाऱ्याचं म्हणणं त्याच्या सगळ्यात मजबूत रूपात मांडा

रोखपालाचं म्हणणं असं की खातेदाराने २,५०० च दिले, ५०० च्या पाच नोटा, आणि स्वतःकडच्या स्लिपवर नंतर खाडाखोड केली. त्याच्या बाजूने शिपायाने साक्ष दिली की मी पाच नोटा पाहिल्या. हे "कर्मचाऱ्याने आरोप नाकारले" अशा एका ओळीत गुंडाळायचं नाही. त्याचा मुद्दा खरा धरला तर काय काय जुळतं तेही लिहा, म्हणजे रोजकीर्द जुळते, संध्याकाळची कॅश जुळते, आणि स्लिप खातेदाराच्याच ताब्यात होती हेही खरंच आहे.

५. कारणमीमांसा, म्हणजे अहवालाचा जीव

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन्ही बाजू मांडून झाल्या की एकच विचारायचं, मी यातलं कोणाचं का मानतो. "साक्षीदार विश्वासार्ह वाटला" हे कारण नव्हे. कारण म्हणजे असं काहीतरी जे तिसऱ्या माणसाला कागद उघडून तपासता येईल.

आपल्या प्रकरणात ते असं लिहिता येईल: "स्लिपवर (म-१) रक्कम तीन ठिकाणी आहे, अंकी, अक्षरी आणि नोटांचा तपशील. नंतर बदल केला असता तर तिन्ही ठिकाणी करावा लागला असता, तशी खाडाखोड दिसत नाही. फक्त स्लिपवर विसंबून राहता येणार नाही कारण ती खातेदाराच्या ताब्यात होती, परंतु त्याच सकाळी दुसऱ्या बँकेतून तेवढीच रक्कम काढल्याची नोंद (म-३) आहे आणि त्या नोंदीवर खातेदाराचं नियंत्रण नव्हतं. शाखेकडची बाजू, जिच्याशी ताडून पाहता आलं असतं, ती रोखपालाच्या ताब्यातल्या गठ्ठ्यातून गहाळ आहे (म-४) आणि त्याचं स्पष्टीकरण त्याने दिलेलं नाही. शिपायाने पाच नोटा पाहिल्याचं सांगितलं, मात्र बाहेर जाण्याच्या रजिस्टरप्रमाणे तो ११ ते साडेबारा बँकेच्या कामाला गेला होता आणि भरणा सव्वाअकराचा आहे, म्हणून ही साक्ष स्वीकारता येत नाही."

बघा, इथे विरुद्ध पुरावा टाळलेला नाही, त्याला सामोरं जाऊन तो का बाजूला ठेवला ते सांगितलंय. कॅश टॅली झाली होती हा रोखपालाचा मुद्दाही घ्यायलाच हवा, आणि त्याचं उत्तर असं की २२,५०० गल्ल्यात आलेच नसतील तर कॅश जुळणारच, म्हणून टॅलीने दोन्ही बाजूंपैकी कुणाचंच म्हणणं सिद्ध होत नाही.

पुराव्याचं माप काय हेही एका वाक्यात लिहा. खातेअंतर्गत चौकशीत फौजदारी खटल्यासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, कुठली बाजू जास्त संभवनीय आहे ते बघतात. पण संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा होत नाही.

६. निष्कर्ष तीनच शब्दांत, पण प्रत्येक तुकड्याला

सिद्ध, अंशतः सिद्ध, सिद्ध नाही. "बऱ्याच अंशी तथ्य आढळते" असली भाषा नको, मंडळ त्यावर काय ठराव करणार?

रक्कम २५,००० होती, सिद्ध. हिशोबात २,५०० च आले, सिद्ध, आणि ते मान्यही आहे. स्वतःसाठी वापरली का, इथे थांबा. त्याच्या खात्यात ती रक्कम आल्याचा कागद नाही. पैसे त्याच्या हातात आले, हिशोबात गेले नाहीत आणि तो स्पष्टीकरण देत नाही, यावरून अनुमान काढता येतं, पण मग ते अनुमान आहे आणि कशावरून काढलंय हे लिहायला हवं. मी असेन तर लिहीन, "रक्कम हिशोबाबाहेर ठेवली हे सिद्ध, स्वतःसाठी वापरल्याचा थेट पुरावा नाही, आरोप अंशतः सिद्ध". मंडळ पुढचं अनुमान काढायला मोकळं आहे, पण माझ्या पुराव्यापेक्षा माझा निष्कर्ष मोठा असू नये.

दुसरा आरोप पाच ओळींत संपतो. खातेदार म्हणतो शेजाऱ्याने निरोप आणला, शेजारी साक्षीला आला नाही, ऐकीव गोष्टीशिवाय काही नाही, सिद्ध नाही. तिसरा कर्मचाऱ्यानेच लेखी मान्य केलाय, सिद्ध.

७. शिफारशी निष्कर्षात मिसळू नका

शिक्षा काय द्यायची हे ठरवणं शिस्तभंग प्राधिकाऱ्याचं काम, इथे मंडळाचं. नेमणूक पत्रात शिक्षेबद्दल मत मागितलं नसेल तर "बडतर्फ करावे" असं लिहू नका, आधीच ठरवून चौकशी केली असा आरोप ओढवून घ्याल. शिफारशी द्यायच्या त्या कामाच्या पद्धतीबद्दल, अहवालाच्या वेगळ्या भागात, आणि प्रत्येकीत कोणी, काय, कधीपर्यंत हे असावं. उदाहरणार्थ, दिवसअखेर भरणा स्लिपांचा गठ्ठा रोखपाल सोडून दुसऱ्याने मोजून सही करावी, शाखाधिकाऱ्याने पुढच्या महिन्यापासून सुरू करावं. प्रत्येक भरण्याचा एसएमएस खातेदाराला जावा. "अंतर्गत नियंत्रण बळकट करावे" अशी शिफारस कुणीच अंमलात आणत नाही कारण ती कुणाला उद्देशूनच नसते.

८. पहिलं पान शेवटी लिहा

सगळं झालं की एका पानाचा सारांश करून वर लावा: कोणी नेमलं, किती आरोप, प्रत्येकाचा निष्कर्ष आणि मुख्य कारण एकेका वाक्यात, सविस्तर चर्चा कुठल्या पानावर. सुनावणीच्या तारखा, कर्मचाऱ्याला मदतनीस दिला का, त्याने मागितलेले कागद दिले का, हा प्रक्रियेचा भाग दुसऱ्या पानावर थोडक्यात. कागद नाकारला असेल तर कारणासकट.

अहवाल मंडळाकडे गेला की लगेच निर्णय होत नाही. १९९३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पक्कं आहे की चौकशी अधिकारी निर्णय घेणाऱ्याहून वेगळा असेल तर त्याच्या अहवालाची प्रत निर्णयाआधी कर्मचाऱ्याला द्यायची आणि त्याचं म्हणणं मागवायचं, संस्था सरकारी असो की खाजगी. आणि मंडळाला एखादा "सिद्ध नाही" असलेला निष्कर्ष पटला नाही, समजा दबावाचा आरोप त्यांना खरा वाटला, तर १९९८ च्या निकालाप्रमाणे आपली तात्पुरती कारणं लिहून ती कर्मचाऱ्याला कळवायची, त्याला उत्तर देऊ द्यायचं आणि मगच वेगळा निष्कर्ष नोंदवायचा.