वाड्याच्या दरवाजाचे दोन काळ एका चौकटीत
सदाशिव पेठेतील एका वाड्याच्या दरवाजाची दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची व्हिडिओ क्लिप मी एडिटिंगमध्ये शेजारी-शेजारी अर्धी-अर्धी जोडली, तेव्हा मधल्या रेषेवर चौकटीचे आडवे लाकूड तुटल्यासारखे दिसले. म्हणून नंतरची क्लिप वरच्या ट्रॅकवर ठेवून ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ केला, ज्यात जुळलेला भाग काळा होतो आणि चुकलेल्या कडा दुहेरी उजळतात. नवा रंग असल्याने दरवाजा पूर्ण काळा होणे शक्यच नव्हते. मी फक्त कडा पाहिल्या. स्केल १०३ टक्के केल्यावर उंची जुळली, मग अर्धा अंश फिरवून जागा सरकवली. कॅमेऱ्याची जागा बदललेली असल्याने मागचे अंगण जुळले नाही, पण जोडरेषा दरवाजावरच होती. शेवटी मोड ‘नॉर्मल’ करून वरच्या क्लिपची डावी बाजू मास्कने झाकली.