बर्फ, पाणी, वाफ: चौथीच्या वहीतला तक्ता

तक्त्यात 'काय दिसले' आणि 'अवस्था' हे रकाने वेगळे ठेवा. मुलांनी आधी डोळ्यांना दिसले तेच लिहायचे, अवस्था नंतर ठरवायची.

स्टीलच्या वाटीत बर्फाचा चुरा घ्या, तो ओलसर झाला की प्रयोगशाळेचा तापमापक (तापाचा नव्हे) त्यात धरा आणि ढवळत राहा. बर्फ शिल्लक आहे तोवर पारा 0 च्या आसपासच थांबतो, कारण मिळणारी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते. मुलांना वाटते तापमापक बिघडला! पारा भराभर चढू लागला, तर ढवळणे कमी पडतेय.

पुढचा भाग शिक्षकांनी करायचा, मुले दूर उभी. किटलीत पाणी उकळून तोटीचे टोक नीट पाहायला सांगा. टोकाला लागून थोडी जागा रिकामी दिसते, पांढरा ढग त्यापुढे सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत आहे. ढग म्हणजे गार होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब. ढगात थंड ताटली चिमट्याने धरली की ती ओली होते.

| कुठे | काय दिसले | तापमान (°से.) | अवस्था |
|---|---|---|---|
| वाटी, सुरुवात | ओलसर चुरा | 0 | स्थायू, थोडे द्रव |
| वाटी, नंतर | पाण्यात खडे | 0 | स्थायू व द्रव |
| किटली | मोठे बुडबुडे | 98 | द्रव, बुडबुड्यांत वायू |
| तोटीचे टोक | काहीच नाही | – | वायू |
| त्यापुढे | पांढरा ढग | – | द्रव थेंब |

98 हा आकडा पुण्याचा. मुंबईत 100 च्या जवळ येईल. पुण्यातल्या मुलांना तो खोडून 100 लिहायला लावू नका.