उत्तर बरोबर आहे का, हे आकड्यांनाच विचारा

बारावीत असताना मी डेरिव्हेटिव्हची गणितं धडाधड सोडवायचो आणि मग पुस्तकाच्या मागे उत्तर बघायचो. जिथे मागे उत्तर नसेल तिथे अडायचो. एका सरांनी तेव्हा एक सवय लावली, ती इंजिनिअरिंगलाही कामी आली.

गणित होतं f(x) = √(1 + x³). मी लिहिलं 1/(2√(1 + x³)). सर म्हणाले, "x ला २ घाल बघू." माझ्या सूत्रातून आलं १/६, म्हणजे ०.१६६७. मग मूळ फंक्शनच्या किमती काढायला लावल्या. f(2) बरोबर ३. आता x किंचित पुढे सरकवा, २.००१ घ्या: f(2.001) = ३.००२०००३. फरक ०.००२०००३, त्याला ०.००१ ने भागलं की छेदिकेचा चढ २.०००३. माझं उत्तर कुठे आणि हे कुठे!

खरी गंमत पुढे आहे. चूक आहे एवढं कळून थांबू नका, दोन्ही आकड्यांचा भागाकार करा. २ भागिले १/६ म्हणजे १२. आणि x = 2 ला 3x² किती? तेही १२. आतल्या 1 + x³ चं डेरिव्हेटिव्ह गुणायचं राहिलं होतं, म्हणजे चेन रूल अर्धाच वापरला होता. खरं उत्तर 3x²/(2√(1 + x³)), त्यात २ घातले की बरोबर २ येतात.

वरचे ०.०००३ ही चूक नव्हे. छेदिका वक्राला दोन ठिकाणी छेदते, म्हणून तिचा चढ स्पर्शिकेपेक्षा थोडा वेगळा असतोच. तोही घालवायचा असेल तर दोन्ही बाजूंनी सरका: f(1.999) = २.९९८०००३. f(2.001) मधून हे वजा करून ०.००२ ने भागा, २.०००० मिळतील.

पाऊल मात्र फार बारीक करू नका. ०.००१ पुरतं. दहा अंकी कॅल्क्युलेटरवर पाऊल 10⁻¹⁰ घेतलं, तर पडद्यावर दोन्ही किमती ३ च दिसतात आणि त्या लिहून वजाबाकी केली तर चढ शून्य निघतो.

x = 0 किंवा 1 वर तपासू नका. x = 1 ला x आणि x² सारखेच, त्यामुळे वर 3x² ऐवजी 3x लिहिलं असतं तरी चूक लपली असती. मी २ किंवा १.३ घेतो, आणि शंका वाटली तर दुसऱ्या एका x वरही बघतो.

साइन-कोसाइन असेल तर कॅल्क्युलेटर आधी रेडियनवर आणा. sin x चा x = 1 जवळचा चढ ०.५४०३ यायला हवा. ०.०१७४५ आला तर तुमचं सूत्र चुकलेलं नाही, कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिलाय.