लग्नाचा हॉल बांधताना या चुका टाळा: खुर्च्या नंतर, आधी रांगा मोजा

हजार माणसांच्या हॉलचा नकाशा घेऊन कुणी आलं की मी एकच विचारतो, हजार माणसं आत येणार कशी? उत्तरादाखल खुर्च्यांची मांडणी दाखवली जाते. खुर्च्या काय, कागदावर कितीही बसतात.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे गेटला चिकटलेला पोर्च. एका मालकाने गेटच्या आत पंधरा-एक मीटरवर झोकदार पोर्च बांधला होता. खांब, झुंबर, सगळं होतं, फक्त जागा एकाच गाडीची होती. पहिल्याच मोठ्या लग्नाला बाहेरचा रस्ता तुंबला. मालकाने शिट्ट्या देऊन आणखी चार रखवालदार उभे केले. शिट्ट्यांचा आवाज वाढला, रांग तेवढीच राहिली.

हिशेब करायला कागदाचा कोपरा पुरतो. ९०० पाहुणे आणि गाडीत सरासरी तिघं धरले तर ३०० गाड्या होतात. त्या दिवसभरात विखरून येत नाहीत. गर्दीच्या तासात १८० तरी येतात. म्हातारी माणसं, लहान मुलं, भेटवस्तू उतरवायला एका गाडीला ४५ सेकंद लागतात, म्हणजे एका जागेवरून तासाला ८० गाड्या सुटतात. उरलेल्या १०० गाड्या गाडीमागे सहा मीटर धरून उभ्या करा. ६०० मीटर रांग झाली, आणि ती रस्त्यावरच जाणार. त्या दिवशी मागचं पार्किंग मात्र अर्धं रिकामं होतं. रस्ता तुंबलेला आणि पार्किंग मोकळं असेल, तर दोष पार्किंगचा नाही, उतरण्याच्या जागेचा आहे. तरीही लोक आधी शेजारचा प्लॉट घ्यायला धावतात.

मी पोर्च गेटपासून निदान साठ मीटर आत ढकलतो. एकामागे एक चार गाड्या थांबतील अशी तीसेक मीटरची पट्टी ठेवतो आणि तिच्या बाजूने थेट पार्किंगला जाणारी मोकळी लेन काढतो. ही लेन वाचवायचा मोह प्रत्येकाला होतो. ती नसेल तर एका काकांची छत्री सापडेपर्यंत मागचे सगळे अडकतात. चार जागांचे कागदावर तासाला ३२० होतात, मी २४० च धरतो. पावती फाडायची असेल तर ती पार्किंगच्या तोंडाशी फाडा, गेटवर कधीच नको.

दुसरी चूक भटारखान्याच्या दाराची. गरम पातेली बाहेर आणि खरकटी ताटं आत, दोन्ही एकाच दाराने. मग बुफेची रांग लांबली की मालक काउंटर वाढवतो. आधी बघा तरी! काउंटरवर अन्न भरलेलं असून माणसं थांबली असतील, तर काउंटर कमी आहेत. काउंटर रिकामा असून वाढपी दाराकडे बघत उभा असेल, तर अडचण दारात आहे आणि काउंटर वाढवून उपयोग शून्य.

काउंटरच्या एका बाजूने मिनिटाला साधारण चार माणसं पुढे सरकतात. तासाभरात ६०० जणांना वाढायचं म्हणजे मिनिटाला दहा, म्हणजे तीन बाजू हव्यात. दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतील असे दोन काउंटर मांडले की काम झालं. पण ते भरत राहायला दारं दोनच हवीत: एक जाण्याचं, एक येण्याचं, प्रत्येकी दीड मीटर रुंद, उंबरा नसलेलं. येण्याच्या दाराला लागूनच भांडी घासायची जागा, म्हणजे खरकटं चुलीपाशी पोचतच नाही. भटारखाना वरच्या मजल्यावर नेऊन लिफ्टच्या भरवशावर राहणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. लिफ्ट बंद पडली की त्यांचं त्यांना कळतं.

स्टेजला एकच जिना ठेवू नका. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायचं, आणि उतरण्याचा जिना जेवणाच्या दिशेला. चार-चार जणांचा एक फोटो अर्ध्या मिनिटात उरकला, तरी ९०० जणांना जवळपास दोन तास लागतात. त्यात चढणारे-उतरणारे समोरासमोर आले की विचारूच नका.

हात धुवायची जागा जेवणाच्या वाटेत नको, बाजूला हवी.

बांधकामाआधी जागेवर फक्कीने पोर्च आणि लेन आखून घ्या, आणि खरी गाडी, खरा सामानाचा ट्रक वळवून बघा. नकाशात सहज वळणारा ट्रक जागेवर खांबाला घासतो. खांब तेव्हा हलवता येतो. आणि आणीबाणीचे दरवाजे बाहेर उघडणारे ठेवा. त्यांच्यासमोर सजावटीचा पडदा लावू देऊ नका, डेकोरेटर कितीही गळ घालो.