कापडाच्या दुकानात गिफ्ट व्हाउचर कसे विकावे आणि त्याचा हिशेब कसा ठेवावा

व्हाउचर छापून घेणं सोपं आहे. ५०० आणि १००० अशा दोनच रकमा ठेवा. क्रमांक छापखान्यातूनच घाला आणि पावतीपुस्तकासारखी स्थळप्रत ठेवून बांधून घ्या. रकमेची जागा कोरी ठेवू नका, कोणीतरी एक शून्य वाढवतंच. विकताना तारीख लिहा, शिक्का मारा, सही करा.

व्हाउचर फक्त तुमच्याच दुकानात चालणार असेल तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. शेजारच्या चपलांच्या दुकानाशी "तुमचं आमच्याकडे, आमचं तुमच्याकडे" असं ठरवलंत की प्रकार बदलतो आणि परवानगीचा प्रश्न येतो. त्या फंदात पडू नका. उरलेली रक्कम रोख परत करायचीही नाही.

आता खरी अडचण. पहिल्या दिवाळीत मी ५०० रुपयांची ४० व्हाउचर विकली आणि आलेले २०,००० रुपये त्या-त्या दिवशी सरळ विक्रीत मांडले. पैसे गल्ल्यात आले म्हणजे विक्री झाली, असं मला वाटलं. पुढे लोक व्हाउचर घेऊन आले, साड्या, ड्रेस घेऊन गेले, मी रीतसर बिलं केली. म्हणजे तेच २०,००० दुसऱ्यांदा विक्रीत आले. जानेवारीत विक्री आणि जमा पैसे जुळेनात. नोकराने गल्ल्याला हात लावला असेल, असा संशयही मनात येऊन गेला, त्याची आजही लाज वाटते.

व्हाउचर विकलं तेव्हा तुम्ही काहीच विकलेलं नसतं. पैसे आधी घेतलेत आणि माल द्यायचा राहिलाय, एवढंच. म्हणून ती रक्कम विक्रीत नाही, देण्यात लिहायची. त्यासाठी वेगळी वही आखा: क्रमांक, विकल्याची तारीख, रक्कम, मुदत, वापरल्याची तारीख, बिल क्रमांक, शिल्लक.

समजा १८ ऑक्टोबरला ११२ क्रमांकाचं १००० चं व्हाउचर रोखीने विकलं. रोजमेळात १००० जमा, व्हाउचर वहीत १००० देणं, विक्री शून्य. ५ नोव्हेंबरला ते घेऊन एक ताई आल्या आणि त्यांनी १,३४० रुपयांचं कापड घेतलं. बिल पूर्ण १,३४० चं करायचं, कर त्याच बिलावर लागतो. बिलाखाली लिहा: व्हाउचर ११२ मधून १०००, यूपीआयने ३४०. त्या दिवशी विक्री १,३४०, नवे पैसे फक्त ३४०, आणि देणं १००० ने कमी. बिल ३४० चं करू नका. व्हाउचर म्हणजे सूट नव्हे.

खरेदी व्हाउचरपेक्षा कमी झाली तर? ताईंनी ६४० चंच घेतलं तर ३६० उरतात. मी आधी व्हाउचरच्या पाठीवर पेनाने "शिल्लक ३६०" लिहून द्यायचे. एकदा तो कागद धुण्यात गेला, ग्राहक म्हणाल्या ५६० उरले होते, आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. आता जुनं व्हाउचर जमा करून घेते, त्यावर "रद्द" शिक्का मारून बिलाच्या प्रतीला टाचते आणि ३६० चं शिल्लक व्हाउचर नव्या क्रमांकाने देते. त्याचं पुस्तक वेगळं ठेवते, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहिते. नव्या व्हाउचरवर मुदत मात्र जुनीच लिहिते. नाहीतर दहा-दहा रुपयांची खरेदी करत मुदत कायम पुढे ढकलली जाते.

मुदतीबद्दल माझं ठाम मत: "सहा महिने वैध" असं छापू नका. ते कधीपासून मोजायचं यावर काउंटरवर वाद होतात. "३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत" अशी पूर्ण तारीख लिहा, विकताना ग्राहकाला बोट ठेवून दाखवा. साधारण वर्षभर द्या. आणि मुदत दिवाळीच्या आठवड्यात संपू देऊ नका, त्या गर्दीत शिल्लक व्हाउचर लिहायला हात मोकळा नसतो.

दर शनिवारी दुकान बंद करताना वहीतल्या न वापरलेल्या व्हाउचरची बेरीज करा. मागची शिल्लक, अधिक आठवड्यात विकलेली, वजा वापरलेली, एवढंच उत्तर यायला हवं. फरक आला तर बहुतेक वेळा रद्द व्हाउचर बिलाला टाचायचं राहिलेलं असतं. बिलांची चळत चाळा, सापडतं.

मुदत संपली की लगेच रक्कम खाऊन टाकू नका. मी आणखी महिनाभर जुनं व्हाउचर चालवून घेते, पण हे छापत नाही आणि सांगतही नाही. महिना उलटला की वहीत लाल रेघ मारून ती रक्कम देण्यातून काढते आणि इतर उत्पन्नात घेते. तिच्यावर आयकर लागतो, जीएसटी नाही. न वापरलेल्या व्हाउचरच्या रकमेवर जीएसटी नसल्याचं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. त्या व्हाउचरची स्थळप्रत मात्र फाडू नका, त्या वर्षाच्या बिलांबरोबरच बांधून ठेवा.