जीन्सचं वर्णन लिहिताना या चुका टाळा: 680 ग्रॅमची पँट म्हणजे 24 औंसाचं डेनिम नव्हे

जुन्या आणि उरलेल्या मालातल्या जीन्स मी दादरहून ऑनलाइन विकतो. नवीन विक्रेते वर्णन तपासायला पाठवतात आणि दर आठवड्याला त्याच त्या चुका निघतात.

परवा एका मुलाने लिहिलं होतं, '24 औंस हेवी डेनिम'. 24 औंसाची पँट नवी असताना जमिनीवर जवळजवळ स्वतःच्या पायावर उभी राहते. फोटोतली मात्र खुर्चीवर शालीसारखी लोळत होती. विचारलं तर म्हणाला, "दादा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, 680 ग्रॅम भरली. 28.35 ने भागलं."

भागाकार बरोबर, पण वजन चुकीच्या वस्तूचं. डेनिमचा औंस म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचं वजन. अख्खी पँट तोलली की बटणं, रिव्हेट, खिशांचं अस्तर सगळं त्यात येतं, शिवाय 38 ची कंबर 30 पेक्षा जास्त भरणारच.

माझी सवय अशी. अल्टर करताना टेलर पायाचा जो तुकडा कापतो, तो मी मागून घेतो. शिवण सोडून त्यातून 5 सेंटीमीटर रुंद, 20 सेंटीमीटर लांब पट्टी कापायची आणि सोनाराच्या काट्यावर ठेवायची. त्या मुलाची पट्टी 4.1 ग्रॅम भरली. गुणिले 100, म्हणजे चौरस मीटरला 410 ग्रॅम. चौरस यार्डाला 1 औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे 34 ग्रॅम, म्हणून त्याला 34 ने भागा: 12 औंस. धुलाईनंतर कापड आटतं, खळ जाते, त्यामुळे गिरणीच्या आकड्यापेक्षा अर्धा-एक औंस इकडेतिकडे होतो. म्हणून मी 'सुमारे 12' लिहितो. तुकडा नसेल तर औंस लिहूच नका. 'मध्यम जाड' लिहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, आणि ती महाग पडली. एक गडद निळी पँट आली, मी डोळे मिटून 'डार्क वॉश' लिहिलं. ठाण्याच्या गिऱ्हाइकाने ती गरम पाण्यात मशीनला लावली. पायाची आतली लांबी 33 इंच होती, ती 30 झाली, आणि सोबतचे बनियन आकाशी झाले ते वेगळंच. पँट होती रॉ, म्हणजे न धुतलेली, आणि त्यातही अनसॅन्फराइझ्ड. सॅन्फराइझ्ड कापड गिरणीतच दाबून आटवलेलं असतं, घरी ते 1 ते 3 टक्के आटतं. तसं न केलेलं 10 टक्क्यांपर्यंत जातं, लांबीत जास्त. पैसे परत केले, बनियनांचेही.

आता मी पँट आधी उलटी करतो. धुतलेल्या मालात खिशाच्या पांढऱ्या अस्तरावर निळी झाक असते आणि शिवणी चुण्या पडून फुगलेल्या असतात. रॉ पँटच्या शिवणी सपाट, कापड कडक, किंचित चकचकीत. ओला पांढरा रुमाल घासला की भरपूर निळा होतो. पण नुसत्या रुमालावर जाऊ नका, एकदा धुतलेली गडद पँटही रंग सोडते. आणि पावसाळ्यात रॉ पँट पाठवताना पांढऱ्या बुटांचा इशारा द्या. भर जुलैत लोकलमधून उतरेपर्यंत बुटांची कड निळी होते.

सेल्वेज म्हणजे काय हे साडीचा काठ पाहिलेल्याला शिकवावं लागू नये. शटल मागावर बाण्याचा धागा कडेला वळून परत येतो, म्हणून काठ आपोआप बंद होतो. पायाचा दुमड उलटून बाहेरची शिवण बघा: दोन्ही बाजूंना विणलेले काठ उघडे पडलेले दिसले पाहिजेत. ओव्हरलॉकवर लाल रेघेची पट्टी शिवली असेल तर ती सजावट. आणि सेल्वेज म्हणजे रॉ नव्हे, जाड तर नव्हेच. धुतलेली, 11 औंसाची सेल्वेजही असते.

फेडिंगबद्दल एकच: दोन्ही मांड्यांवरच्या पांढऱ्या रेघा, म्हणजे व्हिस्कर, आरशात पाहिल्यासारख्या सारख्या असतील तर त्या कारखान्यातल्या, 'नैसर्गिक' लिहू नका. दोरावर इंडिगो फक्त वरवर बसतो, आतला गाभा पांढराच राहतो. घासेल तिथेच तो उघडा पडतो. आणि माणूस दोन्ही बाजूंनी सारखा घासत नाही. माझ्या स्वतःच्या पँटवर उजव्या खिशाशी मोबाइलचा चौकोन आहे, डाव्या बाजूला काहीच नाही.

कटचं नाव टॅगवरून उतरवू नका. मांडी, गुडघा आणि खालचा घेर टेपने मोजून तिन्ही आकडे द्या. गुडघ्यापासून खाली घेर जवळपास तेवढाच राहिला तर स्ट्रेट, स्पष्ट कमी झाला तर टेपर्ड, वाढला तर बूटकट. स्लिम म्हणजे मांडीला तंग, खाली काय होतं ते त्या शब्दात नाही. पँट नाव बघून मागवणाऱ्यांपैकी निम्मे तरी मला 'भाऊ, पोटरीत अडकते' असा मेसेज करतात.